चिखल कुठून आला? आजीच्या चौदा बैठका आणि एक घरगुती पुस्तक

आजच्या विषयाचं नाव थोडं मोठं ठेवलंय, 'आजी-आजोबांच्या आठवणींतून कुटुंबाचं पुस्तक'. पण आम्ही बोलणार आहोत एकाच आजीबद्दल, आमच्या आजीबद्दल. आम्ही दोघी बहिणी सोलापुरात वाढलो. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या सहा महिन्यांत आम्ही आजीबरोबर चौदा बैठका केल्या. त्यातून चौऱ्याऐंशी पानांचं एक पुस्तक झालं. ते दुकानात मिळत नाही. पंचवीस प्रती काढल्या आणि घरच्यांना वाटल्या. त्या पुस्तकातला एक प्रसंग आम्हाला पहिल्या बैठकीतच 'मिळाला' असं वाटलं होतं, आणि सातव्या बैठकीत कळलं की तो मिळालेलाच नव्हता. आजचं सगळं बोलणं त्या एका प्रसंगाभोवती आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आजीचं माहेर तुळजापूर तालुक्यातलं. आज आपण एसटीनं तासा-दीड तासात तुळजापूरला पोचतो. पण १९४८ पर्यंत ती सरहद्द होती. सोलापूर मुंबई प्रांतात, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नाणंसुद्धा वेगळं. तिकडे 'हाली', इकडे 'कलदार', आणि सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. रझाकारांच्या काळात सरहद्दीजवळच्या गावांतली बरीच कुटुंबं जीव मुठीत धरून सोलापूरकडे आली. आमच्या आजीचं कुटुंब त्यातलंच. त्या रात्रीच्या बैलगाडीची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला, त्याच शब्दांत.

घोटलेली गोष्ट

पहिल्या बैठकीत आम्ही मोबाईल चालू केला आणि विचारलं, "आजी, रझाकारांच्या वेळी तुम्हाला खूप त्रास झाला का गं?"

हा प्रश्न चुकलाच होता. उत्तर आम्हीच त्यात घालून ठेवलं होतं. आजी म्हणाली, "लई." आणि पुढे नेहमीची गोष्ट सांगितली. "ज्वारी उबी व्हती रानात. आप्पानं कणसालाबी हात लावला न्हाई. रातच्याला गाडी जुपली आन् निघालो. ते निघालो, ते पुन्हा मागं वळून बगितलं न्हाई."

सात मिनिटांत गोष्ट संपली. आम्ही खूष. पण रेकॉर्डिंग पुन्हा ऐकताना लक्षात आलं की यात नवीन एक शब्दही नाही. पन्नास वेळा सांगितलेली गोष्ट गुळगुळीत झालेली असते. सांगणाऱ्याला त्या वेळी ती रात्र आठवत नसते. आपण मागच्या वेळी काय सांगितलं ते आठवत असतं. खोटं कोणी बोलत नाही. सांगून सांगून गोष्टीला जो आकार येतो, त्यात न बसणारं सगळं गळून जातं.

म्हणून पहिला मुद्दा हा, की घोटलेली गोष्ट पहिल्या बैठकीत पूर्ण सांगू द्यायची, मध्ये बोलायचं नाही, आणि नंतर निदान तीन-चार बैठका त्या गोष्टीकडे जायचंच नाही. तिच्या आजूबाजूला फिरायचं. घर, माणसं, काम, जेवण. गोष्टीकडे परत यायचं ते दुसऱ्या दारानं.

प्रश्नांची वही

आमची पद्धत अशी बसली. दर बैठकीला एकच विषय आणि आठच प्रश्न. सुरुवातीला आम्ही चाळीस प्रश्न लिहून नेले होते. त्याचा परिणाम असा की आजी बोलत असायची आणि आमचं लक्ष पुढच्या प्रश्नावर. आठापैकी पाचच विचारून होतात, उरलेले पुढच्या वेळी जातात. त्यात काही बिघडत नाही.

वेळ चाळीस मिनिटं, दुपारच्या चहानंतर. त्यापुढे आजी दमायची आणि उत्तरं आखूड व्हायची. "व्हय", "न्हाई", "तसंच" अशी तीन उत्तरं लागोपाठ आली की आम्ही थांबायचो. तिच्या हाताला काहीतरी काम असलं की बरं जायचं. शेंगा फोडणं, तांदूळ निवडणं. नुसतं समोर बसवून विचारलं तर तिला मुलाखत वाटायची आणि ती शाळेतल्यासारखं बोलायची. पंखा मात्र बंद करायचा, कारण मोबाईल पंख्याचा आवाज आधी पकडतो आणि माणसाचा नंतर.

आमच्यातली एक विचारायची, दुसरी वहीत लिहायची. काय विचारायचं? आम्ही हळूहळू शिकलो की 'केव्हा' आणि 'कसं वाटलं' हे दोन्ही प्रश्न जवळजवळ वाया जातात. साल आजीला आठवत नाही. भावना विचारली की "काय वाटायचं, वाईटच की" एवढं येतं. पण 'कुठे' विचारलं की दार उघडतं. तिसऱ्या बैठकीत आम्ही कागदावर माहेरच्या घराचा नकाशा काढायला घेतला. आमची पेन्सिल चुकीच्या जागी गेली की आजी ताबडतोब हात धरायची, "तिकडं न्हाई, तिकडं जनावरं. चूल हिकडं." माळवदाचं घर, वर चढायला शिडी, वाळवण कुठे घालायचं, म्हातारी आज्जी कुठे निजायची. एका घराच्या नकाशातून चार माणसं अशी निघाली की ज्यांची नावंही आम्ही कधी ऐकली नव्हती.

त्याच बैठकीत माणसांची यादी केली. प्रत्येकापुढे जन्म कुठे, गावात की सोलापुरात, एवढंच. धाकट्या भावापुढे आजीनं सांगितलं, "गावातच झाला, मिल्ट्री यिऊन गेल्यावर." आम्ही लिहून घेतलं आणि पुढे गेलो. या वाक्यात काय आहे ते आमच्या तेव्हा लक्षात आलं नाही. तुमच्या आलं असेल.

आणखी एक गोष्ट बैठक झाल्यावरची. रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला फार वेळ लागतो. आम्हाला एका तासाला सहा तास लागले. म्हणजे साडेनऊ तासांच्या रेकॉर्डिंगला जवळजवळ साठ तास. म्हणून आम्ही सगळं उतरवलं नाही. त्याच रात्री ऐकून फक्त अनुक्रमणिका करायची, एका ओळीत मिनिट आणि विषय. 'बैठक ५, बारावं मिनिट, चाक रुतलं.' जे पुस्तकात घ्यायचं ठरेल तेवढंच नंतर शब्दशः. ही अनुक्रमणिका रविवारी पुढच्या बैठकीला जाण्याआधी पहिल्यापासून वाचायची. सगळं हाताला लागलं ते त्यामुळेच.

न जुळणाऱ्या दोन ओळी

पाचव्या बैठकीचा विषय होता गाडी आणि जनावरं. बैलांची नावं काय, गाडी कोण हाकायचं, गाडीत कोण कुठे बसायचं. बोलता बोलता आजी म्हणाली, "चाक रुतलं चिखलात. समदे उतरलो. म्या धाकट्याला कडंवर घेतलं आन् चिखलातनं चालत निघाले."

आम्हाला आनंद झाला, कारण त्या रात्रीचा नवा तपशील मिळाला. सहावी बैठक झाली. सातव्या बैठकीच्या आदल्या दिवशी अनुक्रमणिका वाचताना दोन ओळी एकमेकींशेजारी आल्या. बैठक एक, 'ज्वारी रानात उभी'. बैठक पाच, 'चाक चिखलात'.

आपल्या भागात ज्वारी रब्बीची. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चात. ज्वारी कणसावर उभी असताना रस्त्यात गाडीचं चाक रुतेल एवढा चिखल नसतो. आणि कडेवरचा धाकटा भाऊ? तो तर "मिल्ट्री यिऊन गेल्यावर" झालेला. रझाकारांच्या भीतीनं निघालेल्या गाडीत तो असणंच शक्य नव्हतं.

अशा वेळी दोन चुका होतात. एक, आपणच ठरवतो की आजी विसरली, आणि त्यातला एक तपशील खोडून टाकतो. दुसरी, आपण तिला पकडल्यासारखं बोलतो, "पण तू तर असं म्हणाली होतीस." दोन्हींत समोरचं माणूस गप्प होतं. आम्ही एवढंच विचारलं, "आजी, चाक रुतलं म्हणालीस. चिखल कुठून आला गं?"

ती बराच वेळ शेंगा फोडत राहिली. आम्हीही काही बोललो नाही. रेकॉर्डिंगमध्ये ही शांतता पंचेचाळीस सेकंदांची आहे. तेव्हा ती फार मोठी वाटली होती. मग ती म्हणाली, "त्ये दुसऱ्या खेपंचं."

म्हणजे आजीचं कुटुंब सोलापूरला दोनदा आलं होतं. पहिल्यांदा रझाकारांच्या वेळी. मग परत गावी गेलं. आणि नंतर कधीतरी पावसाळ्यात कायमचं आलं. 'पुन्हा मागं वळून बगितलं न्हाई' हे वाक्य दुसऱ्या खेपेचं होतं. सांगता सांगता दोन्ही प्रवासांची एकच रात्र झाली होती. घरातल्या तीन पिढ्या समजत होत्या की रझाकारांनी आम्हाला गावातून काढलं. ते अर्धंच खरं होतं.

खुंट्या

आता दोन प्रवास म्हटले की त्यांची वेळ ठरवायला हवी. आजीला साल सांगता येत नव्हतं. अशा वेळी आम्ही ज्याला 'खुंटी' म्हणायचो ती शोधायची. खुंट्या दोन प्रकारच्या असतात. एकदाच घडलेल्या गोष्टी साल सांगतात. दरवर्षी येणाऱ्या गोष्टी, म्हणजे पेरणी, दसरा, सिद्धेश्वराचा गड्डा, या महिना सांगतात, पण साल सांगत नाहीत. दोन्ही प्रकारच्या एकेक खुंट्या मिळाल्या की तारीख जवळजवळ हाताला लागते.

पहिल्या खेपेसाठी आम्ही विचारलं, "गांधीजी गेले तेव्हा तू कुठं होतीस?" गावात. त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही हे तिला आठवत होतं. म्हणजे ३० जानेवारी १९४८ ला ती गावात होती. निघताना ज्वारी उभी होती. तेव्हा फेब्रुवारी १९४८, फार तर मार्चची सुरुवात. मग विचारलं, "मिल्ट्री आली म्हणतेस, ती कुठं पाहिलीस?" सोलापुरात, हैदराबादच्या रस्त्याला, गाड्यांच्या रांगा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरली, त्याच्या आसपासचे हे दिवस. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. परत कधी गेलात? "दसरा गावात केला." म्हणजे ऑक्टोबर १९४८. आप्पांना ज्वारीची पेरणी गाठायची असणार, तेही जुळतं.

दुसऱ्या खेपेला अशी मोठी घटना सापडेना. पण आजी म्हणाली होती, "आलो आन् लगी साळंत घातलं." म्हणून आम्ही तिच्या शाळेत गेलो आणि जुनं जनरल रजिस्टर बघायची परवानगी मागितली. नोंद सापडली, पहिलीत प्रवेश, जुलै १९५१. इथे एक सावधगिरी. त्याच ओळीत जन्मतारीख १ जून होती आणि वय सात. आजी तेव्हा दहाची तरी असणार. त्या काळात आई-वडिलांना तारीख माहीत नसली की गुरुजी शाळेच्या हिशेबानं १ जून लिहून टाकत. म्हणून जुन्या दाखल्यातली प्रवेशाची तारीख धरायची, जन्माची नाही. आम्ही पुस्तकात '१९५१ च्या पावसाळ्याच्या तोंडी' असं लिहिलं. नक्की दिवस लिहिण्याएवढं आमच्या हातात काही नव्हतं.

याच ओघात एक छोटी खूण सांगतो. आजी १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉबद्दल इतकं रंगवून सांगते की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. रस्त्यात गोरे शिपाई, डोक्यावरची गांधी टोपी काढायला लावणं. पण ती त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी जन्मली. ते सगळं तिच्या सासूबाईंनी पाहिलेलं. आम्ही वहीत प्रत्येक प्रसंगापुढे 'पा' किंवा 'ऐ' लिहायला लागलो. पाहिलेलं की ऐकलेलं. ऐकलेलंही घ्यायचं, पण 'सासूबाई सांगायच्या' म्हणून घ्यायचं.

मांडणी

आमचा पहिला आराखडा जन्मापासून आजपर्यंत, सालाप्रमाणे होता. तो जमला नाही. काही वर्षांवर तीस पानं आणि पुढच्या वीस वर्षांवर दोन. मग विषयवार केला, सण, स्वयंपाक, शाळा, लग्न. त्यात आजीच हरवली. कोणाच्याही आजीचं पुस्तक वाटायला लागलं.

शेवटी नकाशाकडे परत गेलो. आजी साल विसरली होती, पण घर एकही विसरली नव्हती. म्हणून चार घरं, चार भाग. गावचं माळवदाचं घर. १९४८ ची मावशीच्या घरची पडवी, जिथे आठ महिने सात माणसं राहिली. १९५१ नंतरची गिरणीजवळच्या चाळीतली खोली, जिथे भोंग्यावर सगळ्यांचा दिवस चालायचा. आणि सासरचं घर. प्रत्येक भागात तीनच गोष्टी ठेवल्या. घरात कोण कुठे, सकाळपासून रात्रीपर्यंतचा एक साधा दिवस, आणि ते घर कसं सुटलं. घर सुटण्याचा प्रसंग भागाच्या शेवटी आला की पुढचा भाग आपोआप सुरू होतो.

आजीची बोली आम्ही तशीच ठेवली. 'व्हता'चं 'होता' केलं नाही. तिचे शब्द ठळक अक्षरात, आमचे साध्या. कारण खुंट्या लावून काढलेली तारीख आमची आहे, तिची नाही. ती तिच्या तोंडी घातली तर वाचणाऱ्याला वाटेल की आजीला १९४८ हे साल पाठ होतं.

जे छापलं नाही

आता राहिला तो प्रश्न. परत गेलेलं कुटुंब १९५१ मध्ये कायमचं का निघालं?

नवव्या बैठकीत आम्ही विचारलं. आजी म्हणाली, "त्ये बंद कर." आम्ही मोबाईल तिच्यासमोर बंद केला आणि तिच्या हातात दिला. मग तिनं सांगितलं. सगळं इथे सांगणार नाही. जमिनीवरून भावाभावांतलं भांडण होतं, एवढं पुरे. पण त्या दुसऱ्या भावाची नातवंडं आजही आमच्याकडे लग्नकार्याला येतात, आम्ही त्यांच्याकडे जातो. त्यांच्या घरी हीच हकीकत वेगळी सांगितली जात असणार, आणि ती सांगणारं कोणी आता उरलेलं नाही.

आमच्या दोघींत यावरून वाद झाला. एकीचं म्हणणं, खरं ते लिहावं, नाहीतर पुन्हा घोटलेलीच गोष्ट छापली जाईल. दुसरीचं म्हणणं, एकाच बाजूनं ऐकलेलं आणि रेकॉर्डर बंद करून सांगितलेलं छापायचा आपल्याला अधिकार नाही. दोन आठवडे पुस्तक अडलं. मग आम्ही दोन मसुदे केले, एक पूर्ण, एक त्या प्रसंगाशिवाय, आणि दोन्ही आजीला मोठ्यानं वाचून दाखवले. वाचता येत असलं तरी तिला बारीक अक्षर दिसत नाही, आणि ऐकताना ती जास्त नीट दुरुस्त करते.

दोन्ही ऐकून ती म्हणाली, "दोन येळा आलो त्ये लिव्हा. रझाकारानं काढलं असं पुन्हा म्हनू नका, त्यानं पयल्यांदाच काढलं. पन कुनी काय केलं त्ये नको. मेलेल्या मानसाला उत्तर देता येत न्हाई."

पुस्तकात आता असं वाक्य आहे, 'जमिनीवरून घरात वाद झाला आणि आप्पांनी गाव सोडलं.' कोणाचं नाव नाही, चूक कोणाची ते नाही. पण दुसरा प्रवास आहे, चिखल आहे, कडेवरचा भाऊ आहे. पूर्ण मसुदा आम्ही नष्ट केला, कारण ती बैठक रेकॉर्ड होऊ नये असं तिनं सांगितलं होतं. कागदावर ठेवला असता तर तो शब्द मोडल्यासारखाच होता.

तुमच्यापैकी कोणी सुरुवात करणार असेल तर हे पहिल्याच बैठकीत बोलून घ्या. रेकॉर्डिंग कोण ऐकणार, केव्हा बंद करायचं, छापण्याआधी कोणाला वाचून दाखवायचं. आम्ही ते नवव्या बैठकीला शिकलो.

शेवटी एक प्रश्न आधीच चिठ्ठीतून आलाय. 'आजोबा फार बोलत नाहीत, मग काय करावं?' त्यांना गोष्ट विचारू नका. कोरा कागद घेऊन बसा, त्यांच्या पहिल्या घराचा नकाशा काढायला लागा, आणि चूल मुद्दाम चुकीच्या जागी काढा.

आता बाकीचे प्रश्न घेऊ.